पहिला ऑपेरा कोणता बघू? (घरबसल्या, बजेट ५०० रुपये)

विश्रामबागकर
नमस्कार मंडळी. मी सांगलीचा. संगीत नाटकं लहानपणापासून बघतोय, ऑपेरा मात्र एकही नाही. एखादं रेकॉर्डिंग घरीच नीट बघायचंय, खर्च ५०० रुपयांपर्यंत. ऑपेरा आणि म्युझिकलमध्ये फरक काय? आरिया, रेसिटेटिव्ह कसं ओळखायचं? मला खर्जातला आवाज फार आवडतो.

गणपती_पेठ
सोपं आहे. सगळं गायलं तर ऑपेरा, मध्ये बोलले तर म्युझिकल. म्हणजे आपलं 'संगीत शाकुंतल' म्युझिकलच.

सातारकरीण
आम्ही व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेरात बघितला. उभं राहून बघायची तिकिटं स्वस्त असतात. टीव्हीवर काही मजा नाही, एकदा जाऊनच या.

विश्रामबागकर
ताई, विमानाचं भाडं बजेटमध्ये नाही हो.

पेटीवाला_मिरज
गणपती पेठ, तुमची व्याख्या टिकत नाही. 'कार्मेन' १८७५ साली पॅरिसला आला तेव्हा त्यात बोललेले संवाद होते, तरी तो ऑपेराच. उलट 'ले मिझराब्ल' जवळजवळ अखंड गायलेलं, तरी म्युझिकल.

खरा फरक गळ्याचा. ऑपेराचा गायक माइकशिवाय अख्ख्या ऑर्केस्ट्राच्या वर ऐकू यायला हवा. वाद्यमेळाचा जोर साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास असतो. तयार गळा, विशेषतः पुरुषाचा, ३००० हर्ट्झच्या आसपास जास्त धार आणतो आणि तिथून आवाज बाहेर पडतो. म्युझिकलमध्ये माइक केसांत किंवा कपाळाशी लपवलेला असतो, म्हणून तिथे बोलल्यासारखं, कुजबुजत गाता येतं.

दुसरं म्हणजे पट्टी. आपल्याकडे गायक स्वतःचा षड्ज ठरवतो आणि पेटी त्याच्यामागे जाते. ऑपेरात पट्टी संगीतकाराने लिहून ठेवलेली, त्या पट्टीत बसणारा गळा शोधायचा. म्हणून आवाजाच्या जाती महत्त्वाच्या. म्युझिकलमध्ये नट बदलला की पट्टीही बदलतात.

हळदीचं_गाव
माझी मुलगी काळी चारमध्ये गाते. ती सोप्रानो का?

पेटीवाला_मिरज
त्यावरून सांगता येणार नाही, काळी चार हा फक्त तिचा षड्ज झाला. गळा कुठल्या स्वरांत तासभर न दमता राहतो आणि तिथे त्याचा रंग कसा आहे, ते गुरूने ऐकून ठरवायचं. वरच्या पट्ट्यात मोकळी असेल तर सोप्रानो, मधल्यात भरदार वाटली तर मेझो, त्याहून खाली कॉन्ट्राल्टो. पुरुषांत वरून खाली टेनर, बॅरिटोन, बास.

विश्रामबागकर, तुम्ही मोझार्टचा 'फिगारोचं लग्न' घ्या. १७८६ चा आहे. इंग्रजी सबटायटल्सचं रेकॉर्डिंग बघा. तिसऱ्या अंकात काउंटेस एकटी मोलकरीण सुझानाची वाट बघत उभी असते. आधीचे संवाद नुसत्या हार्पसिकॉर्डच्या तुटक सुरावटींवर झरझर जातात, ते साधं रेसिटेटिव्ह. काउंटेसचंही रेसिटेटिव्हच, पण इथे तंतुवाद्यं मध्येमध्ये बोलतात. ती बोलीच्या लयीत गाते, शब्द क्वचितच परत येतात, ठेका बसत नाही. नवऱ्याला पकडण्यासाठी मोलकरणीशी कपडे बदलायची पाळी आली, हा अपमान ती बोलून दाखवते. मग लय स्थिरावते, ओबोचा सूर येतो आणि 'दोवे सोनो' सुरू होतं: ते सुखाचे क्षण गेले कुठे? ही आरिया. कथा थांबते, तीच ओळ फिरून येते. शेवटी लय चढते, कारण नवऱ्याचं मन वळेल अशी आशा तिला वाटू लागते. वेर्दीच्या उत्तरकाळापासून मात्र ही सीमा पुसट होते, पुच्चिनीत तर अशी भेग शोधत बसू नका.

नाट्यपंढरी
त्यातला केरुबिनो हा पोरगा मेझो बाईच करते. आपल्या नागठाण्याच्या बालगंधर्वांचं बरोबर उलटं!

गणपती_पेठ
पण बालगंधर्वांच्या काळातही कानाकोपऱ्यात आवाज माइकशिवाय पोचवायला लागायचा. मग ते ऑपेरा का नाही?

पेटीवाला_मिरज
गळ्याच्या बाबतीत तुमचं म्हणणं मान्य. पट्टीच्या बाबतीत नाही.

गणपती_पेठ
मला पटलं नाही. आता नाट्यगृहात माइक एवढे कर्कश लावतात की पद ऐकवत नाही, त्यावर कोणी बोलत नाही.

सातारकरीण
मीही 'फिगारो'च म्हणते. आणि स्पीकर चांगले घ्या, आमचे पंचवीस हजारांचे आहेत.

पेटीवाला_मिरज
स्पीकरची गरज नाही. घरात असलेला इयरफोन लावा. मोबाइलच्या स्पीकरवर बास ऐकूच येत नाही.

विश्रामबागकर
सगळ्यांचे आभार. काल रात्री लायब्ररीतून आणलेली डीव्हीडी चाळत होतो आणि वेर्दीच्या 'रिगोलेत्तो'त अडकलो. रिगोलेत्तो हा बॅरिटोन, अंधाऱ्या गल्लीत त्याला भाडोत्री मारेकरी भेटतो, तो बास. गाणारे दोघे पुटपुटल्यासारखे बोलतात आणि खरी सुरावट खाली चेलो आणि डबल बास वाजवतात. जाताना मारेकरी स्वतःचं नाव सांगतो आणि शेवटचा खर्ज कितीतरी वेळ धरून ठेवतो. पेटीवाले सर, हे आरिया की रेसिटेटिव्ह?

पेटीवाला_मिरज
दोन्ही नाही, ते द्वंद्वगीत आहे. पण पहिल्यांदा 'रिगोलेत्तो' जड जाईल, आधी 'फिगारो' बघा.

विश्रामबागकर
नाही सर, आता हाच पूर्ण बघतो. तो खर्ज परत ऐकायचाय.