मदत हवी आहे: ट्रेंडिंग ऑडिओमुळे रीच खरंच वाढतो, की तेवढ्यापुरता उसना मिळतो?

सुईदोरा:
मंडळी, मी साताऱ्यात ब्लाउज शिवते आणि इन्स्टाग्रामवर मराठीतून शिवणकामाचे रील्स टाकते. ऑनलाइन क्लासही घेते. रील्स बघून क्लासला बायका याव्यात, एवढाच उद्देश. फॉलोअर ८ हजारांच्या आसपास.

मागच्या महिन्यात नावाशेजारी ट्रेंडिंगचा बाण दिसत होता असं एक गाणं घेऊन ९ सेकंदांचा रील केला. आधी नुसतं कापड, ठेका पडला की कट, आणि मग अंगात घातलेला तयार प्रिन्सेस कट. १ लाख १० हजार व्ह्यूज! फॉलोअर साधारण ६० वाढले. त्याच आठवड्यात मुंढ्याला चुण्या का पडतात हे बोलून समजावणारा ५० सेकंदांचा रील टाकला होता. त्याला कसेबसे ६ हजार व्ह्यूज, पण २४ जणी फॉलो करून गेल्या आणि तिघींनी क्लासची फी विचारली. गाण्याच्या रीलखाली नुसते बदाम आणि "कापड कुठून घेतलं?"

भाचा म्हणतो, मामी, दर रीलला ट्रेंडिंगच लाव. लावू का? फायदा झाला की नाही हे ओळखायचं कसं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पेठेतला_पक्या:
एवढा विचार कशाला? तुमचा आवाज तसाच ठेवा आणि ट्रेंडिंग गाणं व्हॉल्यूम १-२ वर मागे लावून द्या. बघणाऱ्याला ऐकूही येत नाही, पण इन्स्टाला वाटतं गाणं आहे. सगळे हेच करतात.

ढोलताशा:
गाण्यांच्या भानगडीत पडू नका. आमच्या पथकाच्या एका जुन्या रीलचा आवाजच गेला, मुका रील फिरतोय. आणि खातं बिझनेस प्रकारातलं केलं तर अर्धी गाणी दिसतच नाहीत.

सुईदोरा:
ढोलताशा, माझं खातं क्रिएटर प्रकारातलं आहे, गाणी दिसतात. प्रश्न रीच टिकतो का, हा आहे.

आकडेमोड:
ढोलताशांचा मुद्दा धाग्याला धरून नसला तरी बाजूला टाकण्यासारखा नाही. तुम्ही क्लास विकता, आणि धंद्याच्या जाहिरातीसाठी चित्रपटगीतांचा परवाना आपोआप मिळत नाही. असो.

आता मूळ प्रश्न. भाचा अगदीच चुकीचा नाही. रील कोणाला दाखवायचा हे ठरवताना कशाकशाचा अंदाज बांधला जातो, ते इन्स्टाग्रामने स्वतःच सांगितलं आहे. माणूस शेवटपर्यंत बघेल का, लाइक करेल का, पुढे पाठवेल का, आणि त्यांच्याच जोडीला, ऑडिओच्या पानावर जाईल का. म्हणजे ऑडिओला वजन आहे, पण ते त्या एका रीलपुरतं. त्यातून कोण थांबलं आणि पुढचा रील बघायला कोण आलं, एवढंच खात्याकडे उरतं.

त्यामुळे व्ह्यूज सोडा. ९ सेकंदांचा रील एकच बाई चारदा बघते, ते चार व्ह्यूज होतात. इनसाइट्समध्ये दोन्ही रील्सचा रीच बघा आणि त्यातले फॉलोअर नसलेले किती, तेवढं सांगा.

सुईदोरा:
गाण्याचा रील: रीच ८० हजार, त्यात ९५ टक्के फॉलोअर नसलेले. मुंढ्याचा: रीच ४,८००, त्यात ५५ टक्के.

आकडेमोड:
आधीच फॉलो करणारी पुन्हा फॉलो करू शकत नाही, म्हणून भागाकार नवख्यांनीच करायचा. गाण्याचा रील ७६ हजार नवख्यांपुढे गेला आणि ६० फॉलोअर मिळाले, म्हणजे हजारी एकही नाही. मुंढ्याचा सुमारे २,६०० नवख्यांपुढे गेला आणि २४ मिळाले, म्हणजे हजारी ९.

पण यावर लगेच खूश होऊ नका. रीच लहान असतो तेव्हा रील शिवणाची आवड असलेल्यांनाच आधी दाखवला जातो. तोच मुंढ्याचा रील ७६ हजारांपुढे गेला असता तर त्याचाही दर घसरला असता. म्हणून नुसत्या दरावर निकाल लागत नाही.

खरी कसोटी पुढच्या साध्या रील्सची. गाण्याच्या रीलआधीचे पाच-सहा बोलके रील घ्या आणि नंतरचेही तेवढेच. प्रत्येकाचा नवख्यांमधला रीच लिहून चढत्या क्रमाने लावा आणि मधला आकडा बघा. सरासरी नको, एखादा उडालेला रील ती बिघडवतो. सगळे आकडे रील टाकल्यापासून सारख्याच दिवसांनी घ्या, नाहीतर जुन्या रीलला जास्त वेळ मिळालेला असतो. मधला आकडा वर सरकून तिथेच राहिला तर रीच वाढला. पुन्हा होता तिथेच आला तर उसना होता.

रानवाटा:
माझा अनुभव उलटा आहे. सह्याद्रीतल्या ट्रेकचे रील्स टाकतो, बोलत नाही, दर वेळी चालू गाणं. खातं गाण्यांवरच वाढलं आणि साध्या रील्सचा रीचही वाढला. उसनं वगैरे काही नाही.

आकडेमोड:
रानवाटा, तुमचा गाण्याचा रील आणि साधा रील, दोन्हींत डोंगरच. एक आवडला त्याला दुसराही आवडतो, भाषेची अडचण नाही. ताईंच्या एका रीलमध्ये सजलेला ब्लाउज आहे आणि दुसऱ्यात शिकवणी. पहिल्यावर आलेली बाई शिवायला आलेलीच नाही, ती नटायला आली आहे.

ताई, यातच तुमच्या तुलनेतली खोट आहे. गाणं बदललं तसा विषयही बदलला आणि लांबीही. फरक नक्की कशाने पडला ते यातून कळणारच नाही.

सुईदोरा:
मधले आकडे काढले. आधी नवख्यांमधला रीच २,१०० च्या आसपास, नंतर २,२००. आणि खात्याच्या इनसाइट्समध्ये शहरांची यादी त्या आठवड्यापुरती बदलली होती. एरवी पुणे, सातारा, कोल्हापूर. तेव्हा सुरत, दिल्ली, लखनौ. आता पुन्हा पुणे वर. त्या ६० जणींपैकी मराठी कळणाऱ्या किती, देव जाणे. त्या पुढचे रील्स न बघता सरकवत असतील तर खात्याला उलट फटका बसेल का?

आकडेमोड:
८ हजारांत ६० म्हणजे काहीच नाही, घाबरू नका. दर आठवड्याला असंच करत राहिलात आणि निम्मे फॉलोअर असे झाले, तर मात्र काळजी करा.

आता पक्याचा उपाय तपासून बघा. अर्धा बरोबर असेलही. गाणं जोडलं की रील ऑडिओच्या पानाखाली येतो हे खरं. पण आवाज ऐकूच आला नाही तर त्या पानावर कोण जाणार? ट्रायल रील वापरा. तो आधी फक्त नवख्यांना दिसतो, म्हणजे फॉलोअरची भेसळ नाही. विषय एकच घ्या, समजा बाहीची गोलाई. एकाला नुसता तुमचा आवाज, दुसऱ्याला तोच आवाज आणि मागे गाणं. लांबी तेवढीच, पण चित्रण पुन्हा करा, तोच व्हिडिओ दोनदा चढवू नका. पुढच्या जोडीत टाकण्याचा क्रम उलटा. आणि लोक सरासरी किती सेकंद थांबतात ते आधी बघा.

पेठेतला_पक्या:
अर्धा बरोबर?! बरं बरं. लागू दे निकाल.

सुईदोरा:
करून पाहिलं. बाहीच्या जोडीत काही फरक नाही, दोन्हीकडे लोक १८-१९ सेकंद थांबले. अस्तर जोडण्याच्या जोडीतही तेच. कटोरीच्या जोडीत मात्र गाणंवाल्याला जवळपास तिप्पट रीच मिळाला, थांबणं तेवढंच. पक्या, तुम्हाला यश म्हणायचं की योगायोग?

पेठेतला_पक्या:
यश!!

आकडेमोड:
एकाच जोडीवर काही सांगता येत नाही. कटोरीच्या त्या दोन रील्सची पहिली ३ सेकंदं सारखीच होती का?

सुईदोरा:
नाही हो. गाणंवाल्यात आधी बिघडलेली कटोरी दाखवली होती, टोक आलेली. दुसऱ्यात थेट कागदावरचं कटिंग.

आकडेमोड:
मग ही जोडी बाद. टोक आलेली कटोरी दोन्हीकडे आधी दाखवा आणि पुन्हा टाका.

सुईदोरा:
टाकते. रच्याकने, फी विचारणारी चौथी बाई बाहीच्या रीलवरून आली, बिनगाण्याच्या.