उत्तर: माध्यम हाच संदेश, पण बातमी तीच असेल तर?

> «बातमी तीच. छापली, रेडिओवर वाचली की पॉडकास्टमध्ये टाकली, काय फरक पडतो?»

‘माध्यम हाच संदेश’ म्हणणारा माध्यम-अभ्यासक मार्शल मॅक्लुहान याच्या मते माध्यमाचा संदेश म्हणजे त्यातला मजकूर नव्हे. माध्यमामुळे माणसांच्या व्यवहाराचा वेग, आवाका आणि घडण बदलते, तो बदल. एक काल्पनिक बातमी घेऊ: धरणातून ४२,३५० क्युसेक पाणी सोडलं.

छापील वाक्य असं चालतं: ‘सकाळी ६ वाजता ४२,३५० क्युसेक विसर्ग सुरू झाल्याची माहिती जलसंपदा विभागाने दिली.’ वाचक आकड्यावर थांबतो, कालच्या अंकाशी ताडून पाहतो. नजर मागे नेता येते, म्हणून तुलना आणि पडताळणी हा छापील व्यवहार झाला.

तेच वाक्य रेडिओवर फसतं. आकडा येईपर्यंत वेळ निसटते, आणि शेवटी आलेला ‘दिली’ पूर्ण वाक्य डोक्यात धरून ठेवायला लावतो. म्हणून तिथे म्हणायचं: ‘जलसंपदा विभाग सांगतो, धरणातून पाणी सोडलंय. सुमारे बेचाळीस हजार क्युसेक. नदीकाठच्यांनी सावध राहा.’ सगळा नदीकाठ हे एकाच क्षणी ऐकतो. माझ्या मते रेडिओचा खरा संदेश हा एकत्र मिळालेला ‘आत्ता’ आहे.

पॉडकास्टमध्ये नेमका तोच ‘आत्ता’ हरवतो. कुणी तीन दिवसांनी, दीडपट वेगाने, एकटाच ऐकतो. ‘आज सकाळी’ तेव्हा चक्क दिशाभूल करतं. तारीख उच्चारावीच लागते. इशाऱ्यासाठी हे माध्यम निरुपयोगी, पण विसर्ग का वाढवला हे चाळीस मिनिटं समजावायला उत्तम.