मदत हवी आहे: बाळाच्या आगमनाचा मजकूर, आनंद दिसावा पण माहिती नको

मृण्मयी_क: आम्हाला मुलगी झाली! नातेवाईक आणि ऑफिसच्या ग्रुपवर कळवायचंय. नवऱ्याच्या मजकुरात बाळाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, वेळ, हॉस्पिटल, वजन असं सगळं होतं. मी ते काढलं, तर उरलं एवढंच: 'आम्हाला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.' अगदीच कोरडं वाटतंय. काय घालू?

निखिल७: अभिनंदन! पोस्ट फक्त फ्रेंड्सना दिसेल अशी ठेवा, मग काहीही लिहा.

शुभदाताई: निखिल, अर्धंच खरं. स्क्रीनशॉट आणि फॉरवर्डवर ते सेटिंग चालत नाही. पूर्ण नाव, जन्मतारीख आणि आईवडिलांची नावं एकत्र बाहेर गेली की पुढे कुणी तिच्या नावाने खातं उघडायला बघू शकतं. तारीख तर जन्मभर बदलत नाही.

मृण्मयी, तू माहिती काढलीस, पण तिच्या जागी काही ठेवलं नाहीस, म्हणून कोरडं वाटतंय. वजनाच्या आकड्याने तसाही कुणाला आनंद होत नाही. तुम्ही घरात काय पाहताय ते लिही. ती काय करते?

मृण्मयी_क: बोट धरलं की सोडतच नाही. मोठा तिच्याशी कुजबुजत बोलतो, ती झोपेत असली तरी.

शुभदाताई: मग झालं की! 'आमच्या घरी एक चिमुकली आली आहे. बोट धरलं की सोडत नाही. दादा तिच्याशी कुजबुजत बोलतो आणि आम्ही दोघं नुसते बघत बसतो. आई आणि बाळ मजेत आहेत. फोटो आणि नाव कृपया पुढे पाठवू नका, इतकंच.'

हे काही आठवड्यांनी टाक. 'आज' असं लिहिलंस तर तारीख सांगितल्यासारखंच.

मी_अनघा: नावच हवं असेल तर 'अ'वरून छान नावं आहेत, देऊ का?

मृण्मयी_क: अनघा, नाव ठरलंय :) ताई, फोटोत फक्त मूठ दिसतेय, तो चालेल ना?

शुभदाताई: मनगट बघ. हॉस्पिटलचा पट्टा असेल तर झूम केल्यावर आईचं नाव आणि नोंदणी क्रमांक वाचता येतो. पाळण्यावरचं कार्डही तसंच. धूसर करू नकोस, सरळ कापून टाक. आणि फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवू नकोस. त्यात कुठे काढला ते ठिकाण तसंच राहू शकतं.

मृण्मयी_क: पट्टा आहेच! कापते. मजकूर नवऱ्याला आवडला, 'नुसते बघत बसतो' वाचून हसला. पण सासूबाईंना चेहऱ्याचा फोटो त्यांच्या मैत्रिणींना दाखवायचाय.

निखिल७: त्यांच्या फोनवर दाखवू देत, पाठवू नका म्हणावं.

शुभदाताई: आमच्याकडे तसं ठरलं होतं, तरी फोटो एका ग्रुपवर गेलाच. कुणाकडे याहून चांगली युक्ती असेल तर सांगा.