प्रतिसाद: गोळ्या की शिरेतून लोह?

«महिनाभर रोज दोन वेळा लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन ८.२ वरून ८.६ एवढेच झाले. आता सलाइनमधून लोह घ्यावे का?»

गोळ्या लागू पडत असतील तर तीन ते चार आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण २ ग्रॅमने वाढायला हवे, त्यामुळे ०.४ ही वाढ अपुरीच आहे. मात्र शिरेतून लोह घेण्याआधी कारण शोधणे मला अत्यावश्यक वाटते.

गोळी चहा, कॅल्शियम किंवा आम्लपित्ताच्या औषधाबरोबर घेतली जात असेल तर लोह नीट शोषले जात नाही. शिवाय प्रत्येक मात्रेनंतर यकृतातून हेप्सिडिन हे संप्रेरक वाढते आणि सुमारे दिवसभर आतड्यातून रक्तात जाणारे लोह रोखते. म्हणून दुसऱ्या वेळच्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही, आणि दिवसाआड एकदा घेतलेली गोळी अनेकदा अधिक शोषली जाते व पोटालाही कमी त्रास देते. दीर्घकाळच्या दाहात मात्र हेप्सिडिन सतत चढेच राहते. तेव्हा, किंवा गव्हातील ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या सीलिअ‍ॅक विकारात, शिरेतील लोह खरोखर उपयोगी ठरते, कारण ते आतड्याला वळसा घालते.

रक्तस्राव चालू असेल तर गोष्ट वेगळी: रेटिक्युलोसाइट या नव्या तांबड्या पेशी वाढलेल्या दिसतात, म्हणजे अस्थिमज्जा काम करत असते, तरी हिमोग्लोबिन जागचे हलत नाही. अशा वेळी शिरेतून लोह दिले तरी स्राव शोधावाच लागतो.

शिरेतील लोहानंतरही हिमोग्लोबिन सुमारे चार आठवड्यांनी तपासावे. शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन त्याआधी फसवे चढलेले असते.