तासाभराच्या वर्गातून धड्यांच्या छोट्या क्लिप: तुम्ही कसं कापता?

पाटीपेन्सिल
मी एक्सेल शिकवते. एका ऑनलाइन वर्गाचं 92 मिनिटांचं रेकॉर्डिंग होतं, त्यातून 5 क्लिप केल्या. आधी थेट टाइमलाइनवर कापत सुटले आणि दोन दिवस वाया घालवले. मग सगळं बोलणं लिहून काढलं, छापलं आणि पेनाने खुणा केल्या. तेव्हा कळलं की `$` चिन्ह कशासाठी असतं हे मी 18व्या मिनिटाला सांगितलं खरं, पण नीट उलगडलं ते 52व्या मिनिटाला. एका विद्यार्थिनीने विचारलं होतं, "सूत्र खाली ओढलं की उत्तर शून्य का येतं?" तिच्या `=B2*E1` मधला `E1` खाली सरकून रिकाम्या `E2` वर गेला होता.

क्लिपची सुरुवात त्या प्रश्नानेच केली. तिचा आवाज काढला, प्रश्न 4 सेकंद पडद्यावर लिहून दाखवला आणि लगेच उत्तर. 18व्या मिनिटातलं एकच वाक्य हवं होतं, पण तेव्हाची शीट वेगळी होती. म्हणून त्याचा फक्त आवाज घेतला, चित्र 52व्या मिनिटाचंच ठेवलं. क्लिप 3 मिनिटं 40 सेकंदांची झाली.

अडले ते "मघाशी बघितलं तसं" या वाक्यांपाशी. एकच क्लिप बघणाऱ्याने ते 'मघाशी' कुठे शोधायचं? तुम्ही काय करता?

रेघोटी
ताई, 6 मिनिटांच्या वर गेलात की कोणी बघत नाही, हे संशोधनातच आहे. मी दर 6 मिनिटांनी कापते. मधल्या शांत जागा सॉफ्टवेअर आपोआप काढतं, त्यामुळे काम पटकन होतं.

कानसेन
रेघोटी, तो आकडा एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या साइटवरच्या 2014च्या अभ्यासातला आहे. लोक किती वेळ बघतात आणि व्हिडिओनंतरचा प्रश्न सोडवायला घेतात का एवढंच त्यात मोजलं होतं, किती शिकतात ते नाही. आणि त्याच अभ्यासात असंही दिसलं की वर्गातल्या व्याख्यानाचे नुसते तुकडे पाडले तर ते क्लिपसाठीच बेतलेल्या व्हिडिओइतकं धरून ठेवत नाहीत. म्हणून घड्याळ बघून कापू नका, एका प्रश्नाचं उत्तर पुरं झालं की कापा.

शांतता काढण्याचंही जपून. मी गणिताचे वर्ग संपादित करतो. सर समीकरण मांडून 5 सेकंद थांबतात, तेव्हा बघणारा ते वाचत असतो. ते थांबणं काढलं की पुढची पायरी अंगावर येते. "अं" आणि "आवाज येतोय ना?" मात्र बिनधास्त काढा. कापलेल्या जागी त्याच खोलीची शांतता अर्धा सेकंद भरा, नाहीतर पार्श्वभूमीची घरघर तुटते आणि कानाला सांधा जाणवतो.

अर्धवर्तुळ
माझा प्रश्न जरा वेगळा आहे. रेकॉर्डिंग संपादनात घेतलं की सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, पण तासाभराने आवाज जवळजवळ सेकंदभर पुढे असतो. माइक बदलून पाहिला, फरक नाही.

कानसेन
माइकचा दोष नाही. अशा रेकॉर्डिंगचा फ्रेम रेट बऱ्याचदा कमीजास्त होत असतो आणि काही संपादन सॉफ्टवेअरना ते झेपत नाही. चूक हळूहळू वाढत जाते ही त्याची खूण. सुरुवातीपासून सारखाच फरक असता तर नुसता आवाज सरकवून भागलं असतं. हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये `Constant Framerate` निवडून नवी फाइल करा आणि तीच कापायला घ्या. आधीच्या कापाकापीवर मात्र पाणी सोडावं लागेल.

सोनचाफा
मी एफएफएमपेगने कापते, पण क्लिप माझ्या जागेच्या 3-4 सेकंद आधीच सुरू होते किंवा आधी चित्र गोठलेलं दिसतं.

```
ffmpeg -ss 00:41:10 -i varg.mp4 -t 220 -c copy clip.mp4
```

कानसेन
`-c copy` ने जुनं चित्र तसंच उचललं जातं, त्यामुळे काप आधीच्या कीफ्रेमवर, म्हणजे पूर्ण साठवलेल्या चित्रावर, जाऊन बसतो. रेकॉर्डिंगमध्ये त्या लांब लांब असतात. `-c copy` काढून `-c:v libx264 -crf 18 -c:a aac` लिहा. वेळ जास्त लागेल, पण काप जागेवर पडेल.

पाटीपेन्सिल
आणि माझं 'मघाशी'?

सोनचाफा
मी ते वाक्य काढते आणि तेवढं एक वाक्य नव्याने बोलून टाकते.

कानसेन
मी टाळतो. दुसऱ्या दिवशीचा आवाज वेगळा लागतो, माइकपासूनचं अंतरही बदलतं. मी मागची गोष्ट एका ओळीत पडद्यावर लिहितो.

पाटीपेन्सिल
पण माझे बरेच विद्यार्थी मोबाइलवर बघतात. शीटमधले आकडेच कसेबसे दिसतात, त्यात आणखी एक ओळ कुठे बसवू? या आठवड्यात एकच क्लिप दोन्ही प्रकारे करून विद्यार्थ्यांना दाखवते आणि काय म्हणतात ते इथे लिहिते.