मदत हवी आहे: एकाच साडीचे ४ लुक, कट नेमका कुठे मारू?

एका नारायणपेठ साडीचे चार लुक करतेय, साधा पदर, गुजराती पदर, बेल्ट लावून, आणि शेवटी शर्टावर नेसून. २० सेकंदांचा शॉर्ट आहे, गाणं १२० बीपीएमचं म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक बीट, ३० एफपीएसवर १५ फ्रेम. मोबाईल ट्रायपॉडवर, पायाशी जमिनीवर टेप लावलीय, फोकस आणि एक्स्पोजर लॉक. आधी खिडकीच्या उजेडात केलं तर प्रत्येक नेसण्याला वीस मिनिटं जायची आणि चौथ्या लुकपर्यंत भिंत पिवळी दिसायला लागली, म्हणून आता पडदे लावून ट्यूबलाइटवर शूट करते, तो प्रश्न मिटला.

अडलंय ते साध्या पदरावरून गुजरातीवर जाताना. डाव्या खांद्यावरून पदर मागे टाकते आणि तिथेच कट, पण पुढच्या शॉटमध्ये पदर उजव्या खांद्यावरून पुढे येतो, त्यामुळे हालचाल उलटी वाटते आणि कट डोळ्यात खुपतो. गिरकी घेऊन पाठ कॅमेऱ्याकडे असताना कापून बघितलं, तर मागे लोंबणारा पदर एकदम गायब होतो, ते तर अजूनच वाईट. पदर लेन्ससमोर फेकून स्क्रीन झाकली, ते जमलं, पण तिन्ही वेळा तेच केलं की कंटाळवाणं होतं (आमच्या आईचं मत, आणि बरोबर आहे).

एकटीच शूट करते, दुसरा कॅमेरा नाही, साडीला पिना मोजक्याच लावता येतात, नाहीतर जरीचे धागे खराब होतात. तर या एका जागी हात कुठून कुठे नेऊ, आणि कट बरोबर बीटवर ठेवू की दोन-तीन फ्रेम आधी?