बाळूचे साठ हजार: सावकार की बँक?

आत्या: बाळूचा सकाळी फोन आला होता. इंदूरजवळ सांवेरच्या शेतात सोयाबीन पेरायला साठ हजार लागताहेत. गावातला व्यापारी उद्याच्या उद्या द्यायला तयार आहे म्हणे, शेकडा तीन रुपयांनी. नाना, तू बँकेत इतकी वर्षं पीककर्जंच बघितलीस, जरा सांग त्याला.

मुकुंदा: शेकडा तीन म्हणजे 3 टक्केच ना? बँक तर 7 घेते. मग व्यापारीच बरा की.

नानाकाका: मुकुंदा, तो तीन रुपये महिन्याला सांगतोय. वर्षाचे झाले 36. बँकेचे 7 हे वर्षाचे आहेत, आणि वेळेत भरलं तर त्यातलेही 3 परत मिळतात. बाळू, तू आहेस का ग्रुपवर? व्यापाऱ्याने नेमकं काय सांगितलंय ते लिही. पैसे कधी, फेड कधी, माल कुठे घालायचा, सगळं.

बाळू: आहे नाना. पैसे 10 जूनच्या सुमारास. पहिल्या महिन्याचं व्याज आधीच कापून देणार. हिशेब दिवाळीला. आणि सोयाबीन त्याच्याच काट्यावर द्यायची, मंडीच्या भावापेक्षा क्विंटलमागे दीडशे कमी. स्टॅम्पवर सही मागतो, पण रक्कम तो नंतर भरणार.

नानाकाका: आता याचा हिशेब मांडतो, शांतपणे वाच. साठ हजारांतून पहिल्या महिन्याचे 1,800 कापले, तुझ्या हातात आले 58,200. दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात धरू. म्हणजे चार महिने आणि वर थोडे दिवस, पण हे लोक अर्धवट महिना पूर्ण धरतात, तेव्हा पाच महिने. व्याज झालं 9,000. तुझ्या पाच एकरात वीस क्विंटल सोयाबीन आली असं धरू. क्विंटलमागे दीडशेने तिथे आणखी 3,000 गेले. म्हणजे दिवाळीला पूर्ण फेडलंस तरी 12,000 खर्च.

वहिनी: आणि दिवाळीला जमलं नाही तर?

नानाकाका: तेच मोठं भोक आहे. कापलेले 1,800 सोडून राहिलेलं 7,200 व्याज तो मुद्दलात घालतो, मुद्दल होते 67,200. मग होळीपर्यंत परत पाच महिने, शेकडा तीन, म्हणजे 10,080. मार्चच्या सुरुवातीला तो 77,280 मागेल. तुला मिळाले होते 58,200. नऊ महिन्यांच्या आत 19,080 वर गेले, आणि स्टॅम्पवरची रक्कम भरणारा तोच. बाळू, कोऱ्या जागेवर सही मात्र काहीही झालं तरी करू नकोस.

मुकुंदा: मी चुकलो, बाळू. मी शेकड्याचा हिशेब कधी केलाच नव्हता.

बाळू: नाना, मग बँकेत किती जातील?

नानाकाका: किसान क्रेडिट कार्डवर 10 जूनला साठ हजार काढलेस आणि तुझ्या मंजुरीपत्रावर फेडीची तारीख 31 मार्च असली, तर दिवस होतात 294. 7 टक्क्यांनी व्याज 3,383. वेळेत भरल्याबद्दल 3 टक्क्यांची सूट 1,450. म्हणजे खरा खर्च 1,933. पण ही सूट नंतर खात्यात जमा होते. 31 मार्चला तुला 63,383 पूर्ण उभे करावे लागतील. हे न कळल्यामुळे कित्येक जण साठ हजार भरून घरी जातात आणि थकीत होतात.

बाळू: तीच भीती आहे. 31 मार्चला गहू कुठे विकलेला असतो? काढणी चाललेली असते. गेल्या वर्षी आमच्या शेजाऱ्याने आठ दिवसांसाठी सावकाराकडून उचलून कार्ड नवं-जुनं केलं.

नानाकाका: नवं-जुनं करायला त्याने काय मोजलं हे विचार. 63,383 वर शेकडा तीन, आठ दिवस असले तरी महिना पूर्ण, म्हणजे 1,901. वाचवली काय, तर 1,450 ची सूट. खातं थकीत झालं नाही आणि पुन्हा पैसे काढता आले, हे खरं. पण दर मार्चला हेच करायचं म्हणजे बँकेचं कर्ज घेऊनही सावकार सुटला नाही.

वहिनी: मग मार्चला पैसे आणायचे कुठून?

नानाकाका: मार्चची वाटच बघायची नाही. बाळू, कार्डाचं खातं फिरतं असतं. पैसे भरता येतात, परत काढता येतात, आणि जितके दिवस बाहेर तितकंच व्याज. सोयाबीन ऑक्टोबरात विकलीस की 25 तारखेच्या सुमारास आधी खात्यात भर. तोपर्यंत 137 दिवस झाले, 4 टक्क्यांनी खरा खर्च 901. मग 5 नोव्हेंबरला गव्हासाठी चाळीस हजार परत काढ. गहू विकून 30 एप्रिलला भरलेस तर 176 दिवसांचे 772. दोन्ही हंगाम मिळून 1,673. काढताना मात्र या दुसऱ्या रकमेची फेडीची तारीख शाखेत लिहून घे. गव्हाची आहे, तेव्हा गहू विकल्यानंतरची असायला हवी.

आत्या: आणि भाव पडलेला असला तर? दिवाळीला सगळ्यांचीच सोयाबीन येते, छावणीच्या मंडीत गाड्यांची रांग लागते.

नानाकाका: बरोबर बोललीस. बँकेचा इथे खरा उपयोग आहे. भाव अगदीच पडला असेल तर बाळू अर्धा माल विकून अर्धी रक्कम भरू शकतो आणि बाकीची सोयाबीन वाळवून जानेवारीपर्यंत ठेवू शकतो. सावकाराच्या काट्याला बांधलेला माल थांबत नाही. पण ठेवल्यावर भाव वाढेलच असं नाही, म्हणून सगळा माल धरून बसू नको.

बाळू: गावातली सहकारी सोसायटी तर शून्य टक्क्याने देते ना?

नानाकाका: हो, मध्यप्रदेशात तीन लाखांपर्यंत, पण तारीख पाळली तरच. तिथे खरिपाची तारीख 28 मार्च, रब्बीची 15 जून अशी चालत आली आहे. सरकार कधी मुदत वाढवतं, त्यावर विसंबू नको. तुझं सोसायटीत सभासदत्व आहे का? असेल तर आधी तिथेच जा, साठ हजारांवर व्याज काहीच नाही.

बाळू: सभासदत्व आजोबांच्या नावावर होतं, माझं नाही झालं अजून. शेताचं नामांतरण मात्र मागच्या वर्षीच झालंय.

नानाकाका: मग यंदा बँक. जमिनीचे उतारे म्हणजे खसरा आणि बी-1 ची नक्कल, जमिनीची पावती-पुस्तिका, आधार आणि फोटो घेऊन ये. दोन लाखांपर्यंत जमीन गहाण ठेवावी लागत नाही, नजरतारण पिकाचं असतं. कागद पूर्ण असतील तर दोन आठवड्यांत काम व्हायला हवं, पण शाखेत गर्दी असते, म्हणून याच आठवड्यात अर्ज टाकू. अर्ज दिल्याची पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. आणि पीकविम्याचं विचारतील. सोयाबीनला विमा रकमेच्या 2 टक्के हप्ता कर्जातून कापतात. पाऊस कमी-जास्त झाला तर आधार होतो, मी तर ठेव म्हणेन. नको असेल तर मुदतीच्या सात दिवस आधी लेखी द्यावं लागतं.

बाळू: पण बियाणं लवकर उचलावं लागेल. चांगलं बियाणं जूनपर्यंत राहत नाही.

आत्या: किती?

बाळू: अठरा हजार.

आत्या: ते मी देते. कार्डाचे पैसे आले की परत कर. व्याज नको, पण नवीन सोयाबीन निघाली की तेवढी पोतंभर घरी आणून दे.

बाळू: आत्या, दोन आणतो.

नानाकाका: सोमवारी दहा वाजता सांवेरच्या शाखेत भेटू. व्यापाऱ्याला आजच नाही सांगून टाक, म्हणजे तो घरी येऊन बसणार नाही.

बाळू: आत्ताच सांगितलं. बी-1 ची नक्कल उद्या तहसीलातून काढतो.